पाचशे साठ स्लाईड आणि हातात चौदा दिवस

आपल्या गटांच्या बैठकीला आता पासबुक आणि हजेरीवहीबरोबर एखादीच्या पिशवीतून अभ्यासाचं पुस्तकही डोकावतं. कोणी मुक्त विद्यापीठातून शिकते, कोणी नाव नोंदवून बाहेरून परीक्षा देते, तर कोणाची सून किंवा मुलगी दिवसभर नोकरी करून रविवारच्या वर्गाला जाते. या सगळ्यांची एक अडचण सारखी आहे. सर आणि मॅडम शिकवतात आणि त्या लेक्चरच्या स्लाईड मोबाईलवर पाठवून देतात. सहामाहीत त्या साठत जातात आणि परीक्षा जवळ आली की फोनमध्ये शेकडो स्लाईड दिसतात. त्या कशा संपवायच्या, तेवढंच आज बोलायचं आहे. अभ्यास वर्षभर करावा हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते सांगत बसत नाही. शेवटचे चौदा दिवसच उरलेत असं धरून चालू. मध्ये थोडे आकडे येतील, तेव्हा वही जवळ ठेवा.

आमच्या भागातल्या एका गटाच्या सदस्याचं उदाहरण घेते. ती पतसंस्थेत कारकून आहे. बी.कॉम. झाल्याशिवाय हिशेबनीसाच्या जागेसाठी तिचा विचार होणार नव्हता. बाकीचे विषय सुटले होते, पण कॉस्टिंगचा पेपर एकदा राहिला होता आणि आता तो पुन्हा द्यायचा होता. कॉस्टिंग म्हणजे एखादी वस्तू तयार करायला किती खर्च येतो याचा हिशेब. सोळा लेक्चर, आणि प्रत्येकाच्या साधारण पस्तीस स्लाईड. एकूण झाल्या पाचशे साठ.

तिनं आधी तिला सुचेल तसं ठरवलं होतं, की पहिल्या लेक्चरपासून सुरू करायचं आणि रोज जमेल तेवढं पुढे जायचं. मी म्हटलं, “ताई, आपण आधी वेळ मोजू. गटाचं कर्ज देताना परतफेड आधी मोजतो ना, तसंच.”

सकाळी पाच ते पावणेसहा, पाणी यायच्या आधी, तिला पंचेचाळीस मिनिटं मिळत होती. रात्री जेवणं उरकून मुलं झोपली की अर्धा तास. म्हणजे कामाच्या दिवशी पंचाहत्तर मिनिटं. रविवारी घरच्यांशी बोलून तीन तास मोकळे करून घेतले. चौदा दिवसांत बारा कामाचे आणि दोन रविवार. बारा दिवसांचे पंधरा तास आणि रविवारचे सहा, असे एकवीस तास झाले.

आता दुसरी बाजू. एक स्लाईड नीट वाचायला दोन मिनिटं धरली तर पाचशे साठ स्लाईडना अकराशे वीस मिनिटं लागतात, म्हणजे अठरा तास चाळीस मिनिटं. म्हणजे सगळं एकदाच वाचून होईल तोवर पेपर दारात येईल. पहिल्या लेक्चरला तेव्हा तेरा दिवस झालेले असतील आणि हातानं गणित एकही सोडवलेलं नसेल. मागच्या खेपेला तिचं नेमकं हेच झालं होतं. ती म्हणाली, “पेपरात प्रश्न ओळखीचा वाटत होता, पण लिहायला गेले तर सुरुवात कुठून करायची ते आठवेना.”

हा ओळखीचा वाटण्याचा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. स्लाईड दुसऱ्यांदा वाचली की डोळ्यांना ती ओळखीची लागते आणि मनाला वाटतं, हे येतंय. बाजारात एखादी बाई ओळखीची वाटते पण तिचं नाव ओठावर येत नाही, तसं हे आहे. परीक्षेत स्लाईड समोर नसते, तिथं नाव स्वतःच आठवावं लागतं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हापुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या काहींना तो वाचायला दिला आणि मग कागद बाजूला ठेवून तीनदा आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना शंभरातले साधारण चाळीस भाग आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना एकसष्ट. म्हणून आपलं वेळापत्रक वाचण्याचं करायचं नाही. आठवून पाहण्याचं करायचं, आणि प्रत्येक लेक्चर एकदाच खूप वेळ न घेता दोन-तीन दिवसांच्या अंतरानं थोडं थोडं तीन वेळा हाताखालून काढायचं.

आता प्रत्यक्ष चौदा दिवस बघू. तिचा पेपर सोमवारी होता, म्हणून पहिला दिवसही सोमवारच धरला.

पहिल्या सोमवारी एकही स्लाईड वाचायची नाही. त्या दिवशी फक्त निवडायचं. तिनं कॉलेजच्या ग्रंथालयातून मागच्या पाच पेपरांच्या झेरॉक्स आणल्या. एका कागदावर सोळा लेक्चरची नावं एकाखाली एक लिहिली आणि पेपरातला प्रत्येक प्रश्न कोणत्या लेक्चरमधला आहे ते बघून त्यासमोर गुण मांडले. इथं एक काळजी घ्यावी लागते. पेपराच्या माथ्यावर अभ्यासक्रमाचं वर्ष किंवा पॅटर्न छापलेला असतो. तो आपल्यापेक्षा वेगळा असेल तर तो पेपर मोजायचा नाही. तिच्या पाचांतला एक जुन्या अभ्यासक्रमाचा निघाला, म्हणून चारच मोजले.

तासाभरात चित्र दिसायला लागलं. सहा लेक्चरवर जवळजवळ दर पेपरात मोठं गणित होतं. कॉस्ट शीटची दोन, कॉन्ट्रॅक्ट कॉस्टिंग, प्रोसेस कॉस्टिंग, मार्जिनल कॉस्टिंग आणि ना नफा ना तोटा बिंदू. ही जड लेक्चर. आणखी सहांवर कधी छोटं गणित, कधी टीप लिहा असा प्रश्न. माल एका वेळी किती मागवायचा, साठा किती ठेवायचा, साठ्याची खातेवही, मजुरीवरचा बोनस, वरखर्चाची वाटणी आणि प्रमाणित खर्च ही त्यातली. ही मध्यम. उरलेल्या चारांत कॉस्टिंगची ओळख, खर्चाचे प्रकार, मजुरीच्या पद्धती आणि वरखर्चाची आकारणी होती. त्यांच्यावर क्वचित दोन-चार गुण. ही हलकी.

जड लेक्चरला साठ मिनिटं, मध्यमला पस्तीस, हलक्याला पंधरा असा वाटा ठरवला. सहा जड म्हणजे तीनशे साठ मिनिटं, सहा मध्यम दोनशे दहा, चार हलकी साठ. पहिला फेरा सहाशे तीस मिनिटांत, म्हणजे साडेदहा तासांत बसला. एकवीस तासांतला अर्धा वेळ पुन्हा आठवून बघायला आणि गणितं सोडवायला उरला.

निवडताना एक फसगत होते. एखाद्या लेक्चरवर गुण कमी असतात, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं असतं. खर्चाचे प्रकार हे तसं लेक्चर आहे. स्थिर खर्च कोणता आणि बदलता कोणता हे पक्कं नसेल तर ना नफा ना तोटा बिंदूचं गणित पहिल्याच पायरीला अडतं. म्हणून ते हलकं असलं तरी तिनं सगळ्यांच्या आधी घेतलं, पण पंधराच मिनिटं. पाया म्हणून आधी घ्यायचं एवढंच. त्यासाठी जास्त वेळ द्यायची गरज नाही.

मंगळवारी ते हलकं लेक्चर आणि कॉस्ट शीटचं पहिलं. बुधवारी कॉस्ट शीटचं दुसरं. गुरुवारी मार्जिनल, शुक्रवारी ना नफा ना तोटा बिंदू, शनिवारी प्रोसेस. बुधवारपासून रोजचा साचा एकच होता. सकाळची पंचेचाळीस मिनिटं नव्या लेक्चरला, रात्रीची पहिली पंधरा मिनिटं ते पुरं करायला, आणि शेवटची पंधरा मिनिटं कालचं लेक्चर न बघता आठवायला.

एका लेक्चरच्या साठ मिनिटांत काय करायचं, ते शुक्रवारच्या लेक्चरवरून सांगते. त्याच्या अडतीस स्लाईड होत्या. पहिली दहा मिनिटं बोटानं सरसर पुढे जायचं आणि गाळायचं. नाव, उद्दिष्टं, धन्यवाद, मागच्या लेक्चरची आठवण, तेच सूत्र तीन रंगांत, सजावटीची चित्रं. हे सगळं काढल्यावर कामाच्या अकराच स्लाईड उरल्या. त्यांचे नंबर वहीत लिहिले, म्हणजे पुन्हा शोधायला नको.

पुढची तीस मिनिटं स्लाईडवरचं गणित, पण उत्तर हातानं झाकून. गणित असं होतं. एका वस्तूची विक्री किंमत ५० रुपये, तिचा बदलता खर्च ३० रुपये, आणि वर्षाचा स्थिर खर्च ४०,००० रुपये. किती वस्तू विकल्या की नफाही नाही आणि तोटाही नाही? आपल्या गटाच्या पापडांचं उदाहरण घ्या. पाकीट ५० रुपयांना विकतो. डाळ, मसाला, पिशवी मिळून ३० रुपये, आणि हे पाकिटागणिक वाढतात. खोलीचं भाडं मात्र पाकिटं कमी केली किंवा जास्त केली तरी तेवढंच. प्रत्येक पाकिटामागं २० रुपये उरतात, त्याला अंशदान म्हणतात. हे वीस-वीस रुपये साठून भाड्यासारखा ४०,००० चा स्थिर खर्च भागला पाहिजे. ४०,००० भागिले २०, उत्तर २,००० पाकिटं. पुढं विचारतात, १०,००० रुपये नफा हवा असेल तर किती विकायची? स्थिर खर्चात हवा तो नफा मिळवायचा, ५०,००० होतात, त्याला २० नं भागलं की २,५००.

उरलेल्या वीस मिनिटांत सर्वांत महत्त्वाचं काम. फोन पालथा ठेवायचा आणि त्या लेक्चरचे पाच प्रश्न आपल्याच शब्दांत अर्ध्या पानावर लिहायचे. उत्तरं पानाच्या मागे. तिचे पाच असे होते. अंशदान कसं काढतात? बिंदू काढताना कशाला कशानं भागायचं? ठरावीक नफा हवा असेल तर काय बदलतं? भाडं वाढलं तर बिंदू वर जातो की खाली? विक्री किंमत वाढवली तर? मग उत्तरं तोंडानं म्हणायची आणि शेवटी फोन उघडून तपासायची. पाचांतली चार बरोबर आली तर पुढं जायचं. तीन किंवा कमी आली तर त्या पानाच्या कोपऱ्यात फुली करायची. त्याच दिवशी पुन्हा वाचत बसायचं नाही, उद्याच्या आठवणीत ते पहिलं घ्यायचं.

नोट्स सुंदर काढण्याच्या मोहात इथं फार जणी अडकतात. स्लाईडवरचं सगळं चार रंगांच्या पेनांनी वहीत उतरवतात. त्यात तास जातो, हात दुखतो आणि डोक्यात मात्र काही राहत नाही, कारण नक्कल करताना आठवावं लागतच नाही. लेक्चरमागं अर्धं पान, एवढीच मर्यादा घाला. सोळा लेक्चरची सोळा अर्धी पानं, म्हणजे एक पातळ वही.

या पाच प्रश्नांचा आणखी एक फायदा तिला मिळाला. पतसंस्थेत जाता-येता बसमध्ये वीस-वीस मिनिटं जातात. गर्दीत स्लाईडची बारीक अक्षरं वाचवत नाहीत, पण वहीतला एक प्रश्न बघून मान वर करून उत्तर मनात म्हणता येतं. हा वेळ आपण एकवीस तासांत धरलेला नव्हता. तो धरायचाही नाही, कारण एखाद्या दिवशी बसमध्ये उभं राहायलाही जागा नसते.

शनिवारी रात्री तिनं शुक्रवारचं ते गणित काही न बघता सोडवलं आणि चुकलं. स्थिर खर्चाला अंशदानाऐवजी विक्री किंमतीनं भागलं. ४०,००० भागिले ५०, उत्तर ८००. शुक्रवारी तर बरोबर आलं होतं. ती खट्टू झाली, पण ही चूक शनिवारी घरात सापडली म्हणून सुधारता आली. नुसतं वाचलं असतं तर सूत्र ओळखीचं वाटलं असतं आणि हीच चूक पेपरात झाली असती. ८०० चुकीचं आहे हे कसं ओळखायचं, तेही तिनं शोधलं. ८०० वस्तू विकल्या तर अंशदान आठशे गुणिले वीस, म्हणजे १६,००० च येतं. ४०,००० चा खर्च त्यातून कसा भागेल? हा उलटा ताळा तिनं सहावा प्रश्न म्हणून त्या पानावर लिहिला. पुढच्या बुधवारी तेच गणित पुन्हा घेतलं, तेव्हा ते चुकलं नाही.

शनिवारीच आणखी एक अडचण आली. प्रोसेस कॉस्टिंगच्या स्लाईडवर फक्त गणित आणि शेवटचा आकडा होता, मधल्या पायऱ्या नव्हत्या. त्या सरांनी फळ्यावर सोडवून दाखवल्या होत्या आणि त्या दिवशी ती वर्गाला गेली नव्हती. बऱ्याच स्लाईड अशा असतात. त्या शिकवणाऱ्याला काय बोलायचं ते आठवावं म्हणून केलेल्या असतात, नुसत्या वाचून समजाव्यात म्हणून नसतात. अशा ठिकाणी स्लाईडकडे तासभर बघत बसण्यात अर्थ नाही. दहा मिनिटं प्रयत्न करायचा आणि वर्गातल्या मैत्रिणीकडून वहीच्या त्या पानाचा फोटो मागवायचा. म्हणूनच जड लेक्चर पहिल्या आठवड्यात घ्यायची. काय कमी आहे ते तेव्हा कळलं तर मागवायला वेळ असतो. शेवटच्या दोन दिवसांत कळलं तर मैत्रीणही स्वतःच्या अभ्यासात असते.

पहिल्या रविवारच्या तीन तासांत कॉन्ट्रॅक्ट कॉस्टिंग आणि दोन मध्यम लेक्चर झाली. उरलेली पन्नास मिनिटं तिनं आठवड्याची फुली असलेली पानं घेतली. फुली नसलेली पाचच मिनिटांत चाळली. येतंय ते पुन्हा करायला बरं वाटतं, म्हणून हात तिकडेच जातो. तेवढा आवरावा लागतो.

दुसऱ्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार रोज एक मध्यम लेक्चर होतं, आणि पहिले तीन दिवस त्याला जोडून एक हलकं. त्यात पन्नास मिनिटं गेली की पंचवीस मिनिटं आठवणीला उरत. गुरुवारी हलकं काही नव्हतं, म्हणून आठवणीला चाळीस मिळाली. शुक्रवारी आणि शनिवारी नवीन काहीच ठेवलं नव्हतं. त्या दोन दिवसांत फक्त जुन्या पेपरातली गणितं कागदावर सोडवायची.

ते दोन दिवस आणखी एका कारणासाठी मोकळे ठेवले होते. चौदा दिवस घरात काहीच घडणार नाही असं आपल्याकडं होत नाही. दुसऱ्या मंगळवारी सासूबाईंना तालुक्याला दवाखान्यात न्यावं लागलं. सकाळ गेली आणि रात्री ती इतकी दमली की वही उघडलीच नाही. मजुरीवरचा बोनस हे मध्यम लेक्चर राहिलं आणि मजुरीच्या पद्धतींचं हलकंही राहिलं.

अशा वेळी बहुतेक जणी पुढचं सगळं एकेक दिवस ढकलतात. मंगळवारचं बुधवारी, बुधवारचं गुरुवारी. मग शेवटी सोळावं लेक्चर पेपराच्या आदल्या रात्री येतं आणि पुन्हा आठवून बघणं पार बुडतं. तिनं तसं केलं नाही. बुधवारचं बुधवारीच ठेवलं. राहिलेलं मध्यम लेक्चर शुक्रवारी सकाळी घेतलं. हलकं लेक्चर सोडून दिलं, त्याच्या चार व्याख्या तेवढ्या बसमध्ये वाचल्या. दिवस बुडाला तर आधी हलक्या लेक्चरचा वेळ कापायचा, मग मोकळ्या दिवसांचा. आठवणीच्या पंधरा-वीस मिनिटांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

झोपही कापायची नाही. ती साडेदहाला झोपत होती आणि पावणेपाचला उठत होती. तिला वाटलं, रात्री बारापर्यंत जागलं तर रोज दीड तास वाढेल. पण दिवसभर आत आलेलं झोपेत पक्कं होतं. शिवाय अपुऱ्या झोपेनंतर पहाटे सोडवलेल्या गणितात बेरीज-वजाबाकीच्या चुका दिसायला लागतात. येणारं गणित साध्या बेरजेत चुकायला लागलं की झोप कमी पडतेय असं समजा आणि त्या रात्री लवकर निजा.

आता शेवटचा रविवार. सकाळी सात ते साडेआठ तिनं घड्याळ लावून अर्धा पेपर लिहिला, चाळीस गुणांचा, दीड तासात. पूर्ण तीन तासांचा आदल्या दिवशी लिहिला असता तर हात आणि डोकं दोन्ही थकलं असतं. अर्ध्या पेपरावरून वेग कळतो आणि तेवढ्यासाठीच तो लिहायचा. ऐंशी गुणांना एकशे ऐंशी मिनिटं, म्हणजे एका गुणाला सव्वा दोन मिनिटं. पंधरा गुणांच्या गणिताला फार तर चौतीस मिनिटं मिळतात. तिनं कॉस्ट शीट तेवढ्यात बसवलं. कॉन्ट्रॅक्ट कॉस्टिंगला मात्र पन्नास लागली. आदल्या दिवशी ते सुधारणं शक्य नव्हतं, पण एक गोष्ट ठरवता आली. पेपरात ते गणित आलं तर ते शेवटी सोडवायचं, आधी हातात बसलेली.

पुढच्या दीड तासात फुली उरलेली पानं तेवढी घेतली. सोळांतली पाच होती. दुपारनंतर वही बंद. हॉल तिकीट, ओळखपत्र, दोन पेनं, साधा कॅल्क्युलेटर पिशवीत टाकलं आणि सकाळच्या बसची वेळ विचारून ठेवली. कॅल्क्युलेटर चालतो की नाही ते हॉल तिकिटामागच्या सूचनांत आधीच बघून घ्यावं.

सोमवारी पेपर झाला. कॉन्ट्रॅक्टचं गणित आलंच. ते तिनं शेवटी घेतलं आणि अर्धंच झालं. बाकीची गणितं पुरी झाली होती. निकाल लागला तेव्हा तिला ऐंशीपैकी सत्तेचाळीस मिळाले. वर्गात पहिली येण्यासाठी हे वेळापत्रक नाही. त्यासाठी कॉन्ट्रॅक्टसारख्या लेक्चरला एक तास पुरणार नाही, दोन-तीन लागतील आणि ते चौदा दिवसांत बसणार नाहीत. तिला पेपर सोडवायचा होता आणि पदवी हातात घ्यायची होती, तेवढं यात बसलं.

विषय कॉस्टिंगचा नसेल तर थोडा फरक पडतो. इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा विषयांत गणितं नसतात. तिथं गणिताऐवजी एका प्रश्नाच्या उत्तराचे पाच मुद्दे स्लाईड न बघता लिहायचे आणि मग तपासायचे. वेळाची वाटणी तशीच, अंतरानं तीनदा आठवणंही तसंच. आणि एकाच आठवड्यात दोन पेपर असतील तर आधी दोन्हींची लेक्चर एकाच कागदावर जड, मध्यम, हलकी अशी मांडा. एक विषय संपवून मग दुसरा असं केलं तर पहिला पेपर येईपर्यंत तो विसरलेला असतो.

ज्यांच्या घरात किंवा गटात कोणी परीक्षेला बसतंय, त्यांनी या आठवड्यात तिच्याबरोबर एकच काम करा. तिच्या दिवसातली मिनिटं आणि तिच्या फोनमधल्या स्लाईड, दोन्ही एका कागदावर मोजून लिहा. कर्जाचा अर्ज भरताना आपण उत्पन्न आणि खर्च समोरासमोर मांडतो, तसं. कुठून सुरुवात करायची ते त्या कागदावरच दिसेल. आणि सकाळची तिची ती पंचेचाळीस मिनिटं घरातल्या दुसऱ्या कामाला जात असतील, तर ते काम चौदा दिवस कोण घेणार याचं उत्तरही त्याच कागदावर लिहून ठेवा.